कोब्यावरचा बॉल, लाकडावरचा बॉल

बास्केटबॉल विकत घेताना दोन निर्णय घ्यायचे असतात. पहिला निर्णय नंबरचा म्हणजे आकाराचा, आणि तो खेळाडूचे वय, हात आणि स्पर्धेचा नियम यांवर ठरतो. दुसरा निर्णय आवरणाचा, म्हणजे बॉल रबरी असावा, सिंथेटिक असावा की कातडी असावा याचा. तो बॉल ज्या जमिनीवर आपटणार त्या जमिनीवर ठरतो. दुकानात मात्र दोन्ही निर्णय एकत्रच होतात. महागडा सात नंबरचा बॉल ‘चांगला’ म्हणून शाळेच्या उघड्या कोर्टावर येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत गुळगुळीत होऊन कोपऱ्यात पडतो. बॉल निकृष्ट असतो असे नाही. तो वेगळ्या हातांसाठी आणि वेगळ्या जमिनीसाठी बनवलेला असतो.

नंबर: हात आणि वजन

बॉलचा नंबर व्हॉल्व्हजवळ किंवा कंपनीच्या नावाशेजारी छापलेला असतो. खेळाच्या दृष्टीने 5, 6 आणि 7 हे तीन नंबर महत्त्वाचे. आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाच्या मापांनुसार पुरुषांच्या सात नंबरच्या बॉलचा घेर 75 ते 77 सेंटिमीटर आणि वजन 580 ते 620 ग्रॅम असते. स्त्रियांच्या सहा नंबरच्या बॉलचा घेर 71.5 ते 73 सेंटिमीटर आणि वजन 510 ते 550 ग्रॅम. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलसाठी पाच नंबर वापरतात. त्याचा घेर साधारण 70 सेंटिमीटर असतो आणि वजन अर्ध्या किलोच्या आत असते.

कागदावर सहा आणि सात नंबरमधला फरक किरकोळ वाटतो. हातात बॉल घेतल्यावर तो तसा राहत नाही. मधले आकडे धरले तर घेरात पाच टक्के फरक पडतो, पण वजनात सुमारे 70 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ बारा टक्के. शॉट मारताना बॉल मनगटाच्या झटक्याने आणि बोटांच्या टोकांनी सुटायला हवा. तो हाताच्या मानाने जड आणि मोठा असेल तर मूल तो दोन्ही हातांनी छातीजवळून किंवा कमरेजवळून ढकलते. कोपर बाहेर जाते, बॉलला मागची फिरकी मिळत नाही. ही ढकलण्याची सवय एकदा अंगात मुरली की पुढे योग्य नंबर हाती आला तरी सुटता सुटत नाही.

म्हणूनच नियमांनी नंबर हळूहळू हातांच्या दिशेने सरकवला. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्त्रियांच्या स्पर्धांनी 1984-85च्या हंगामात लहान बॉल स्वीकारला, आणि फिबाने 2004मध्ये स्त्रियांसाठी सहा नंबर लागू केला. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांच्या संयुक्त मार्गदर्शनात सात-आठ वर्षांच्या मुलांना पाच नंबर आणि नऊ ते अकरा वयाच्या मुलांना सहा नंबर सुचवला आहे. बाराव्या वर्षापासून मुलींना सहा आणि मुलग्यांना सात नंबर दिला जातो. बॉलबरोबर रिंगही वयानुसार वर जाते: आधी आठ फुटांवर, मग नऊ, आणि बाराव्या वर्षापासून नेहमीच्या दहा फुटांवर. आपल्याकडच्या शाळेला रिंग खाली आणणे बहुधा शक्य नसते. अशा वेळी लहान नंबरचा बॉल ही एकच सवलत मुलांना देता येते. स्पर्धेचा बॉल वयोगटानुसार बदलतो, म्हणून खरेदीआधी आयोजकांचे परिपत्रक पाहणे आवश्यक असते.

तीन विरुद्ध तीन, म्हणजे थ्री-बाय-थ्री, या प्रकाराचा बॉल मात्र निराळा आहे. त्याचा घेर सहा नंबरचा आणि वजन सात नंबरचे. पुरुष आणि स्त्रिया दोघेही तोच वापरतात. हा खेळ बऱ्याचदा उघड्यावर होतो, आणि लहान घेरात जास्त वजन असले की वाऱ्याने बॉल कमी वळतो. दिसायला तो सहा नंबरसारखाच असल्याने दुकानात गल्लत होते. पाच विरुद्ध पाच खेळणाऱ्या मुलींच्या सरावात असा बॉल आला तर सुमारे सत्तर ग्रॅम जादा वजन त्यांच्या नकळत मनगटावर पडते. साध्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बॉल ठेवला की खुलासा होतो.

सालीखाली काय असते

आवरणाचा विचार करण्याआधी आतली रचना पाहायला हवी. बॉलच्या गाभ्यात हवा धरणारे ब्लॅडर असते. चांगल्या बॉलमध्ये ते ब्यूटिल रबराचे असते, कारण त्यातून हवा फार हळू झिरपते. ब्लॅडरभोवती नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा लांबच लांब धागा सगळ्या दिशांनी गुंडाळलेला असतो. बॉलचा गोलपणा या धाग्यावर टिकतो. त्याच्यावर रबराचे कवच येते आणि सगळ्यात बाहेर आवरण. रबरी बॉलमध्ये आवरण साच्यात भाजून कवचाशी एकजीव केलेले असते. सिंथेटिक आणि कातडी बॉलमध्ये वेगळे कापलेले तुकडे, म्हणजे पॅनेल, कवचावर चिकटवतात आणि त्यांच्यामधल्या खोबणी काळ्या पट्ट्यांच्या रूपात दिसतात.

आवरणावर बारीक दाणे असतात. बॉल बोटांत बसतो तो या दाण्यांमुळे. पासच्या वेळी, ड्रिबलच्या वेळी आणि शॉट सोडताना बोटाची त्वचा दाण्यांच्या माथ्यावर आणि बाजूंवर अडते. दाणे झिजले की पकड गेली, मग आतले ब्लॅडर कितीही शाबूत असो. आवरणांची तुलना करताना खरा मुद्दा एवढाच उरतो की दिलेल्या जमिनीवर कोणत्या आवरणाचे दाणे किती काळ टिकतात आणि घाम, धूळ, पाणी लागल्यावर ते कसे वागतात.

कातडे, सिंथेटिक आणि 2006चा हंगाम

खरे कातडे घाम शोषते. नवा कातडी बॉल थोडा ताठ आणि निसरडा असतो. काही आठवडे खेळून तो हाताला आला की सामन्याच्या उत्तरार्धात, हात ओले असतानाही, तो बोटांना धरून राहतो. पण ज्या गुणाने तो घाम शोषतो त्याच गुणाने तो पाणीही शोषतो. ओला झाला की जड होतो, वाळला की कडक होतो, आणि कोकणातल्या दमट खोलीत पिशवीत कोंडून ठेवला तर बुरशी धरतो. त्यामुळे त्याची जागा लाकडी जमिनीच्या बंद सभागृहातच.

सिंथेटिक किंवा कंपोझिट बॉलमध्ये विणलेल्या कापडाच्या अथवा सूक्ष्म तंतूंच्या थरावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असतो. तो नवा असल्यापासूनच हाताला मऊ लागतो, आणि एका बॉलचे वागणे दुसऱ्या बॉलसारखेच असते. फिबाच्या स्पर्धांमध्ये असे बॉलही चालतात. स्वस्त सिंथेटिकमध्ये पीव्हीसी वापरतात. ते दिसायला सारखेच असते, पण घाम लागताच निसटते.

कातडे आणि सिंथेटिक यांच्यातला फरक सगळ्यांत ठळकपणे एनबीएच्या 2006-07च्या हंगामात दिसला. लीगने पारंपरिक कातडी बॉल बाजूला ठेवून स्पाल्डिंगचा नवा सूक्ष्म तंतूंचा सिंथेटिक बॉल आणला. कोरडा असताना त्याची पकड कातड्यापेक्षा जास्तच होती. पण सामना सुरू झाला की हाताला घाम येतो, आणि तिथेच गाडी अडली. खेळाडूंच्या तक्रारी आल्या की ओला झाल्यावर बॉल निसटतो, त्याच्या पृष्ठभागाने बोटांना चिरा पडतात आणि उसळी वेगळी येते. टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतील भौतिकशास्त्रज्ञांनी दोन्ही बॉल तपासले. नवा बॉल कमी उसळतो, आणि तो ओलावा कातड्यापेक्षा खूप हळू शोषत असल्याने घामाचा थर पृष्ठभागावरच राहतो, असे त्यांना आढळले. डिसेंबरमध्ये लीगने माघार घेतली आणि 1 जानेवारी 2007पासून कातडी बॉल परत आला.

सिंथेटिक वाईट असा निष्कर्ष यातून निघत नाही, कारण चांगल्या कंपोझिट बॉलमध्ये ओलावा शोषणारे थर असतात. निष्कर्ष एवढाच की दुकानात कोरड्या हाताने दाबून पाहिलेली पकड अर्धीच गोष्ट सांगते. बॉल निवडणाऱ्याने बोटे किंचित ओली करून तो धरून पाहावा. ओल्या बोटांना तो सरकू लागला तर तो मे महिन्यात मुंबईच्या बंद सभागृहात दुसऱ्या क्वार्टरपासूनच त्रास देईल.

कोबा बॉलला काय करतो

महाराष्ट्रातली बहुतेक कोर्टे उघडी आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या आवारात कोबा, डांबर किंवा त्यावर ॲक्रिलिकचा रंगीत थर, असा जमिनीचा क्रम सापडतो. लाकडी जमीन मोजक्या सभागृहांतच मिळते.

ड्रिबल करताना बॉल जमिनीवर सरळ आपटून सरळ वर येत नाही. तो तिरका येतो, टेकताना थोडा चपटा होतो आणि त्या क्षणी जमिनीवर घसरतो. लाकडावर ही घसरण निरुपद्रवी असते. कोब्यातले वाळूचे उघडे पडलेले कण मात्र तेवढ्या घसरणीत कानशीचे काम करतात. एका सराव सत्रात बॉल हजारो वेळा टेकतो, आणि दर टेकीला दाण्याच्या माथ्यावरून थोडे द्रव्य निघते. पॉलियुरेथेनचा पापुद्रा पातळ असल्याने इनडोअर कंपोझिट बॉल आधी चकाकतो, मग दाणे सपाट होतात, आणि शेवटी खोबणीच्या काठाजवळ खालचे पांढरट कापड दिसू लागते. त्या काठात धूळ आणि ओल शिरली की पॅनेल सुटायला लागते.

रबराचे आवरण जाड असते आणि दाणे त्याच रबराचे, खोलवर घडवलेले असतात. झीज होते, पण संपायला बराच काळ लागतो. काठ सुटण्याचा प्रश्नच नाही, कारण तिथे चिकटवलेले पॅनेल नसते. रबरी बॉल पाण्याने धुता येतो, पावसाळी चिखलही निघतो. किंमत काही शे रुपयांत असते, तर चांगला कंपोझिट काही हजारांत जातो. उघड्या कोर्टासाठी रबरी बॉल ही तडजोड नव्हे, ती योग्य निवड आहे.

त्याच्याही मर्यादा आहेत. रबर बोटांना कडक लागते आणि घामाने निसरडे होते. सतत उन्हात राहिले तर ते कठीण होते आणि बारीक भेगा धरते. मग दाणे असूनही बोटाला धरत नाहीत. धुळीचाही प्रश्न असतोच. कोरड्या कोर्टावरची पूड दाण्यांच्या मधल्या जागेत बसते आणि नवा बॉलही गुळगुळीत वाटतो. ही झीज नव्हे. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवला की पकड परत येते. पुसूनही परत आली नाही, तर मात्र दाणे गेले असे समजावे.

‘इनडोअर-आउटडोअर’ असे छापलेला बॉल या दोहोंच्या मध्ये बसतो. त्यात जरा जाड आणि चिवट सिंथेटिक वापरतात. ॲक्रिलिकचा गुळगुळीत थर दिलेल्या कोर्टावर तो चांगला चालतो. उघड्या पडलेल्या कोब्यावर तो इनडोअर बॉलपेक्षा जास्त टिकतो आणि रबरापेक्षा कमी. जमीन किती खरखरीत आहे हे तळहात घासून कळते. तळहाताला बोचणारी जमीन सिंथेटिकही खाईल.

हवा आणि तापमान

योग्य आवरण घेऊनही हवा चुकली तर बॉल लवकर जातो. बहुतेक बॉलवर 7 ते 9 पीएसआय असा दाब व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो. गेज नसेल तर जुनी कसोटी पुरते. बॉलचा तळ 1.80 मीटर उंचीवर धरून तो सोडायचा, दाबायचा नाही. उसळल्यावर त्याचा माथा 1.20 ते 1.40 मीटरच्या दरम्यान आला तर हवा बरोबर. ही कसोटी ज्या जमिनीवर खेळायचे त्याच जमिनीवर घ्यावी. कडक कोबा आणि लवचीक लाकूड एकाच बॉलला वेगवेगळी उसळी देतात.

तापमानाने दाब बदलतो. डिसेंबरच्या दुपारी 30 अंशांत 8 पीएसआय भरलेला बॉल दुसऱ्या दिवशी सकाळी 12 अंशांत पावणेसातच्या आसपास येतो, एक कणही हवा न गळता. अशा वेळी पहाटेच्या सरावात बॉल मेल्यासारखा पडतो आणि मुले पंप मारतात. दुपारी तोच बॉल नऊच्या वर जातो. उन्हात उभ्या बंद गाडीच्या डिकीत तर दाब आणखी चढतो. आतल्या धाग्यावर ताण येतो, आणि तो एखाद्या जागी तुटला की तिथे फुगवटा येतो. हवा कधी भरली हे लक्षात ठेवावे, आणि भरताना सुई ओली करून सरळ आत घालावी. कोरडी सुई तिरकी शिरली की व्हॉल्व्हचे रबर कापले जाते आणि हळू गळती सुरू होते.

एका शाळेची खरेदी

हे सगळे एका कल्पित पण नेहमीच्या परिस्थितीत मांडून पाहता येईल. तालुक्याच्या गावातली शाळा, उघडे कोब्याचे कोर्ट, चौदा ते सोळा वयाच्या बारा मुलींचा संघ. सराव सकाळी साडेसहाला. जिल्ह्याच्या सामन्यांची शेवटची फेरी शहरात, लाकडी जमिनीच्या सभागृहात. खरेदीसाठी मर्यादित पैसे.

नंबर सरळ आहे: सगळे बॉल सहा नंबरचे. मुलग्यांच्या संघाकडून उरलेले सात नंबरचे बॉल फुकट मिळत असले तरी ते या सरावात घेऊ नयेत. आठवडाभर सात नंबरने शॉट मारून रविवारी सहा नंबरने सामना खेळला की शॉट लांब जातो.

सरावासाठी रबरी सहा नंबरचे आठ बॉल घ्यावेत. बारा मुलींत आठ बॉल म्हणजे दोघींत एक तर येतोच, आणि एखादा गळला तरी सराव थांबत नाही. खरेदीच्या वेळी प्रत्येक बॉल व्हॉल्व्ह वर ठेवून हवेत हळूच फिरकी देऊन सोडावा. खोबणींच्या रेषा एका जागी फिरत राहिल्या तर बॉल गोल, डगमगल्या तर आतला धागा असमान. मग तोच बॉल वेगवेगळ्या बाजूंनी एकाच उंचीवरून टाकून पाहावा. एका बाजूने उसळी कमी येत असेल तर तो परत करावा.

सामन्यासाठी इनडोअर कंपोझिट सहा नंबरचे दोन बॉल घ्यावेत. शक्यतो स्पर्धेत वापरतात त्याच बनावटीचे. हे बॉल कोब्यावर टेकवायचे नाहीत. त्यांचा सराव आठवड्यातून दोनदा, शाळेच्या सभागृहात किंवा गुळगुळीत फरशीच्या व्हरांड्यात: पासिंग, जागेवरचे ड्रिबल, भिंतीवर शॉटची हातवळण. रिंग नसली तरी बोटांना आवरणाची ओळख होते. सामन्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत जवळचे एखादे सभागृह काही तासांसाठी मिळाले तर तिथे याच बॉलनी रिंगवर सराव घ्यावा. रबराहून कंपोझिट बॉल बोटांवर जास्त वेळ रेंगाळतो. पहिल्या काही शॉटांत तो आखूड पडतो. ही सवय सामन्याच्या दिवशी नव्हे, आधी व्हायला हवी.

दहाही बॉल इनडोअर-आउटडोअर घेण्याचा मोह या बेतात होतो. त्यात खर्च जास्त, कोब्यावरचे आयुष्य रबरापेक्षा कमी, आणि सामन्याच्या बॉलशी ओळखही अर्धवट. दोन वेगळ्या संचांचा बेत स्वस्त पडतो आणि दोन्ही कामे नीट होतात. कोर्टावर पुढे ॲक्रिलिकचा थर आला तर मात्र हे गणित बदलते, आणि इनडोअर-आउटडोअर बॉल सरावासाठी योग्य ठरतो.

पावसाळ्यात रबरी बॉल कोर्टावर राहू शकतात, पण शेवाळलेल्या कोर्टावर खेळाडू राहू शकत नाहीत. त्या काळात सरावाची जागा बदलते आणि बॉलही बदलावा लागतो. व्हरांड्यातल्या फरशीवर कंपोझिट बॉल जास्त वापरून रबरी बॉल धुऊन, थोडी हवा कमी करून, सावलीत ठेवावेत.

बॉल केव्हा बाद करावा

बॉल बाद करण्याची वेळ तीन खुणांनी कळते. पहिली दाण्यांची: पुसल्यावरही बोट सरकत असेल, किंवा सिंथेटिकमधले कापड दिसू लागले असेल. दुसरी गोलाईची: फिरकीत डगमग दिसते, किंवा एका जागी फुगवटा येतो. फुगवटा आलेला बॉल ड्रिबलला अचानक बाजूला उडतो आणि बोटाला दुखापत करतो, त्यामुळे तो त्याच दिवशी काढावा. तिसरी खूण घेराची आहे आणि ती सहसा कोणी तपासत नाही. वारंवार जास्त हवा भरलेला रबरी बॉल हळूहळू ताणला जातो. शिंप्याची टेप मध्यभागी घट्ट गुंडाळून मोजली, आणि सहा नंबरच्या बॉलचा घेर 73 सेंटिमीटरच्या पुढे गेलेला आढळला, तर वर सहा छापलेले असले तरी मुलींच्या हातात तो सातच्या दिशेने निघालेला बॉल आहे. सहामाहीच्या सुरुवातीला सगळे बॉल काट्यावर आणि टेपने तपासले की सरावाचा नंबर आणि सामन्याचा नंबर एकच राहतो.